मातृभाषेच्या रकान्यातून निसटलेली पिढी

कुडुख ही छोटानागपूरच्या पठारावरची द्राविड कुळातील भाषा. उराँव समाजाची ती परंपरागत भाषा असून झारखंड, छत्तीसगड, ओडिशा, पश्चिम बंगाल आणि आसाम या राज्यांत तिचे भाषक आढळतात. जनगणनेनुसार १९९१ साली तिचे भाषक १४,२६,६१८ होते, २००१ साली १७,५१,४८९ आणि २०११ साली १९,८८,३५०. दर दशकाला संख्या वाढलेली आहे. त्यामुळे ही भाषा धोक्यात आहे असे कोणी म्हटले की हाच तक्ता पुढे केला जातो आणि वीस लाख माणसे बोलतात ती भाषा मरणार कशी, असा प्रश्न विचारला जातो.

प्रश्न रास्त आहे, पण त्याचे उत्तर या तक्त्यात नाही. भाषकांची एकूण संख्या ही साठ्याची मोजणी आहे. भाषा टिकणार की नाही हे ठरते ते एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे होणाऱ्या प्रवाहावर, म्हणजे कुडुख बोलणाऱ्या आईबापांच्या शंभर मुलांपैकी किती मुले स्वतः कुडुख बोलू लागतात यावर. साठा फुगत असतानाही प्रवाह आटू शकतो. भारताची जनगणना साठा मोजते, प्रवाह मोजत नाही. त्याहून गंभीर बाब अशी की तिच्या व्याख्येतच प्रवाह अखंड असल्याचे गृहीत धरलेले आहे.

आधी साठा आणि प्रवाह यांतील फरक पाहू. २००१ ते २०११ या दशकात कुडुख भाषकांची वाढ सुमारे १३.५ टक्के होती. त्याच काळात देशाची लोकसंख्या १७.७ टक्क्यांनी वाढली आणि अनुसूचित जमातींची लोकसंख्या सुमारे २३.७ टक्क्यांनी. या शेवटच्या आकड्यात जमातींच्या याद्यांमध्ये झालेल्या बदलांचाही वाटा आहे, म्हणून तो जपून वापरावा लागतो. दुसरीकडे २०११ च्या जनगणनेत वरील प्रमुख राज्ये मिळून उराँव जमातीची लोकसंख्या सुमारे ३५ लाख होती. म्हणजे समाजातील साधारण निम्म्या माणसांनी कुडुख ही मातृभाषा सांगितली. येथेही सावधगिरी हवी. काही राज्यांच्या यादीत उराँवांबरोबर इतर नावांचे समूह एकाच नोंदीत आहेत, आणि ओडिशात कुडुखच्या अगदी जवळचे बोलीरूप बोलणाऱ्या किसान समाजाची भाषा जनगणना वेगळी मोजते. भाजक आणि भाज्य दोन्ही थोडे सैल आहेत. तरीही समाज वाढतो आहे आणि भाषा त्याच्या मागे पडते आहे, इतके दिसते. कधीपासून, कोठे आणि किती वेगाने, हे मात्र दिसत नाही.

हे का दिसत नाही, ते एका काल्पनिक समाजाच्या हिशेबातून स्पष्ट होईल. समजा, एका समाजात आजीआजोबांच्या पिढीत २०० माणसे आहेत आणि ती सर्व आपली भाषा बोलतात. प्रत्येक पिढी आधीच्या पिढीच्या दीडपट आहे. भाषा बोलणाऱ्यांच्या मुलांपैकी ७० टक्केच ती भाषा घेतात आणि न बोलणाऱ्यांच्या घरी ती पुन्हा येत नाही. ०.७ गुणिले १.५ म्हणजे १.०५. रोगप्रसाराच्या अभ्यासात एका रुग्णापासून सरासरी किती जणांना लागण होते हा अंक जसा निर्णायक असतो, तसा भाषेसाठी हा अंक निर्णायक आहे. तो एकाहून किंचित मोठा असल्याने भाषकांच्या पिढ्या २००, २१० आणि २२० अशा होतात. तीन पिढ्या मिळून ९५० माणसांत ६३० भाषक, म्हणजे ६६ टक्के.

एक पिढी पुढे गेल्यावर आजीआजोबा निघून गेलेले असतात आणि ६७५ मुलांची नवी पिढी आलेली असते. त्यांत २३१ भाषक. आता १,४२५ माणसांत ६६१ भाषक. संख्या वाढली, पण प्रमाण ६६ वरून ४६ टक्क्यांवर आले. ‘भाषकांत पाच टक्के वाढ’ ही बातमी खरी ठरते आणि तीन मुलांमागे एका मुलाकडे भाषा पोहोचत नाही हेही तितकेच खरे असते.

पुढे शिक्षण वाढते, कुटुंबे लहान होतात. पिढीवाढीचा गुणक १.५ वरून १.१ वर येतो. मुलांकडे भाषा जाण्याचा दर तोच, ७० टक्के. पण आता ०.७ गुणिले १.१ म्हणजे ०.७७. नव्या पिढीत १७८ भाषक आणि तीन पिढ्या मिळून ६२९. संख्या प्रथमच घटते आणि भाषा अचानक कोसळल्याची हाकाटी होते. प्रत्यक्षात लोकांच्या भाषिक वागण्यात त्या वर्षी काहीही बदललेले नसते. गळती तीन पिढ्यांपासून चालू होती. तिला मोठ्या कुटुंबांनी झाकले होते आणि ते झाकण निघाले, इतकेच. एकूण संख्येवर लक्ष ठेवणाऱ्याला धोका कळतो तेव्हा दोन पिढ्या हातातून गेलेल्या असतात.

म्हणून दर थेट मोजायला हवा. युनेस्कोच्या तज्ज्ञगटाने २००३ साली भाषेची स्थिती जोखण्यासाठी नऊ घटक सुचवले आणि त्यांत पहिले स्थान पिढ्यांमधील हस्तांतराला दिले. त्या श्रेणीत सर्व मुले बोलत असतील तर भाषा सुरक्षित, प्रामुख्याने आईबापांच्या पिढीपासून वरचेच बोलत असतील तर निश्चित धोक्यात, आजीआजोबाच बोलत असतील तर गंभीर धोक्यात, असे टप्पे आहेत. पायऱ्या उपयुक्त आहेत, पण पायरी म्हणजे दर नव्हे. शिवाय वीस लाख भाषकांच्या भाषेला एकच पायरी देणे म्हणजे गुमला जिल्ह्यातील गाव आणि डुआर्समधील चहामळा यांची सरासरी काढणे होय. एकोणिसाव्या शतकात मळ्यांवर मजूर म्हणून नेलेल्या उराँवांच्या वस्त्यांत मुंडा, खडिया, संताळ असे अनेक समाज एकत्र आले आणि त्यांच्यातील व्यवहाराची भाषा सादरी झाली. तेथील हस्तांतराचा दर आणि पठारावरील उराँवबहुल गावांतील दर यांची सरासरी दोन्ही ठिकाणांबद्दल चुकीचे सांगते.

भारतात हा दर काढण्यासाठी लागणारी माहिती दर दहा वर्षांनी घरोघर जाऊन गोळा होते, पण ती ज्या व्याख्येतून गोळा होते तीच अडचणीची आहे. जनगणनेनुसार मातृभाषा म्हणजे व्यक्तीच्या बालपणी तिच्या आईने तिच्याशी बोललेली भाषा. आई तान्हेपणीच वारली असेल, तर बालपणी घरात मुख्यतः बोलली जाणारी भाषा. आणि तान्ह्या मुलांच्या व मूकबधिर व्यक्तींच्या बाबतीत प्रगणकांना सूचना आहे की आई सामान्यतः जी भाषा बोलते ती नोंदवावी.

ही शेवटची सूचना निरुपद्रवी वाटते. बोलू न लागलेल्या मुलाची भाषा दुसरी कोणती लिहिणार? पण भाषापालट नेमका कोठे घडतो ते पाहावे. गुमल्यातील एखादी तरुण आई सासूशी, जावेशी आणि शेतावर कुडुख बोलते. मुलाला मांडीवर घेतल्यावर ती सादरी किंवा हिंदी बोलते, कारण शाळेत मूल मागे पडू नये अशी तिची इच्छा असते. ही आई ‘सामान्यतः’ कुडुखच बोलते. सूचनेनुसार मुलाच्या रकान्यात कुडुख लिहिले जाते. ज्या घरात साखळी आज तुटली, त्या घरात ती अखंड असल्याची नोंद होते. पुढच्या जनगणनेत ते मूल दहा वर्षांचे असते, तेव्हाही उत्तर बहुधा कुटुंबप्रमुखच देतो आणि ‘आमची भाषा कुडुख’ असे अभिमानाने सांगतो. हे उत्तर समाजाच्या अस्मितेबद्दल खरे असते, पण मुलाच्या जिभेबद्दल काही सांगत नाही.

चूक उलट दिशेनेही होते. ज्या घराने सादरी स्वीकारली, ते घर जनगणनेच्या अंतिम भाषावार तक्त्यात सादरीच्या नावाने दिसत नाही, कारण सादरीची गणना हिंदीखालील मातृभाषांमध्ये होते. मातृभाषांचा तपशीलवार तक्ता उघडला तरच ती सापडते. परिणामी कुडुखकडून सादरीकडे झालेला पालट वरवर पाहणाऱ्याला हिंदीचा विस्तार वाटतो. एका गावभाषेकडून दुसऱ्या गावभाषेकडे जाणे आणि गावभाषेकडून राज्यभाषेकडे जाणे या वेगळ्या घटना आहेत. त्यांची कारणे वेगळी आणि त्यांवरचे उपायही वेगळे.

यावर तोडगा अवघड नाही, तो वेल्समध्ये वापरात आहे. तेथील जनगणना ‘वेल्श बोलता येते का’ असे विचारते आणि नंतर घरातील प्रौढांची उत्तरे व मुलांची उत्तरे एकमेकांसमोर मांडते. २०११ च्या आकड्यांनुसार ज्या जोडप्यांत दोघेही वेल्शभाषक होते, त्यांच्या ३–४ वर्षांच्या मुलांपैकी सुमारे ८२ टक्के वेल्श बोलत होती. जोडप्यातील एकच जण वेल्शभाषक असेल तर हे प्रमाण सुमारे ४५ टक्के होते. तीन-चार वर्षांचेच वय निवडण्यामागे कारण आहे. त्याहून मोठ्या मुलांना शाळा वेल्श शिकवते, आणि शाळेने दिलेली भाषा व घराने दिलेली भाषा एकाच आकड्यात मिसळली की घराचा वाटा कळत नाही.

या दोन आकड्यांतून आणखी एक गोष्ट उलगडते. समजा, कोणाच्याही मनोवृत्तीत काडीचा बदल झाला नाही, पण मिश्रभाषक विवाहांचे प्रमाण वाढले. मग ८२ टक्क्यांच्या गटातील घरे कमी होऊन ४५ टक्क्यांच्या गटातील घरे वाढतील आणि सरासरी दर आपोआप घसरेल. अशा वेळी ‘तरुणांना भाषेचे प्रेम उरले नाही’ हे निदान चुकीचे ठरते. घरांच्या प्रकारानुसार दर वेगळे काढल्याशिवाय कारण हाती लागत नाही.

भारतीय जनगणनेच्या कुटुंब अनुसूचीत प्रत्येक सदस्याचे वय, कुटुंबप्रमुखाशी नाते, मातृभाषा आणि मातृभाषेखेरीज येणाऱ्या दोन भाषांपर्यंतची नोंद असते. आईची ओळ आणि मुलाची ओळ एकाच पानावर असतात. त्यांची सांगड घालून भाषावार, जिल्हावार तक्ता काढणे संगणकाला जड नाही. प्रसिद्ध होणाऱ्या मातृभाषेच्या मुख्य तक्त्यात मात्र राज्य, जिल्हा, स्त्री-पुरुष, ग्रामीण-नागरी असे विभाग असतात, वय नसते. वयच नाही तर पिढी कोठून दिसणार?

तक्ता निघाला तरी तो वाचताना तीन ठिकाणी पाय घसरू शकतो. पहिले ठिकाण वसतिगृहांचे. आदिवासी भागांतील अनेक मुले निवासी शाळांत राहतात आणि त्यांची गणना तेथेच होते, आईच्या घरात नाही. जी मुले भाषेपासून सर्वांत लांब गेली तीच हिशेबातून गळतात आणि दर खोटा चढा दिसतो. दुसरे ठिकाण वयाचे. आज पंधरा वर्षांच्या मुलांत भाषक कमी दिसले म्हणून ती मुले पन्नाशीतही बोलणार नाहीत असे नाही. काही समाजांत शेतीत उतरल्यावर किंवा लग्नानंतर माणसे भाषेकडे परततात. एकाच वर्षीच्या वयोगटांतून काढलेला कल दहा वर्षांनी त्याच पिढीवर तपासावा लागतो. तिसरे ठिकाण लहान संख्यांचे. १०० मुलांच्या पाहणीत ७० जण बोलत असतील, तर केवळ नमुन्याच्या योगायोगाने हा आकडा साधारण ६१ ते ७९ यांच्या दरम्यान कोठेही असू शकतो. दहा वर्षांनी ६२ आले तर घसरण झाली असे ठामपणे म्हणता येत नाही. भावंडे एकाच घरातील असल्याने खरी अनिश्चितता याहून मोठीच असते.

जनगणना मोठी चौकट देईल. मुलाला भाषा किती आली हे मात्र शेवटी मुलाकडूनच कळते आणि त्यासाठी छोट्या, काळजीपूर्वक केलेल्या पाहण्या हव्यात. ‘येते की नाही’ या एका प्रश्नाऐवजी तीन पायऱ्या तपासणे बरे. आजी कुडुखमधून बोलली तर मूल समजते का, ते कुडुखमधून उत्तर देते का, आणि मोठे कोणी जवळ नसताना बरोबरीच्या मुलांशी आपणहून कुडुख बोलते का. आजीच्या कुडुख प्रश्नाला सादरीत उत्तर देणारे मूल समजण्याच्या पायरीवर आहे. त्याच्या पुढच्या पिढीला भाषा देण्याची शक्यता फारच कमी. सर्वांत लवकर दिसणारी खूण भावंडांत असते. थोरले मूल बोलते, मधले समजते, धाकट्याला समजतही नाही. थोरले शाळेतून जी भाषा घरी आणते तीच धाकट्यांच्या खेळाची भाषा होते. एकाच घरातील तीन मुलांची अशी उतरंड दिसली तर दहा वर्षांच्या अंतराने होणाऱ्या दोन जनगणनांची वाट पाहावी लागत नाही.

चाचणी कशाची घ्यावी हेही भाषेच्या घडणीवरून ठरते. कुडुखमध्ये आकडे मोजायला सांगणे ही वाईट चाचणी, कारण चारच्या पुढचे अंक मोठ्यांच्या कुडुखमध्येही शेजारच्या आर्य भाषांतून आलेले आहेत. त्यापेक्षा ‘आम्ही’ आणि ‘आपण’ हा भेद पाहावा. ऐकणाऱ्याला वगळणारा ‘एम’ आणि त्याला सामावणारा ‘नाम’ असे कुडुखचे दोन वेगळे शब्द आहेत. मराठी वाचकाला हा भेद परिचित आहे. मराठीतील ही जोडी द्राविड भाषांच्या सहवासातून आली असावी असे अनेक भाषावैज्ञानिक मानतात. हिंदीत मात्र दोहोंसाठी ‘हम’ हा एकच शब्द. ज्या मुलाचे ‘एम’ आणि ‘नाम’ एकात मिसळू लागले, त्याची शब्दसंपत्ती कुडुख असली तरी व्याकरण सरकू लागले आहे. याहून नाजूक खूण म्हणजे स्त्रियांनी स्त्रियांशी बोलताना वापरायची क्रियापदांची वेगळी रूपे. ती शाळेत शिकता येत नाहीत. मोठ्या बायकांच्या घोळक्यात वावरलेल्या मुलीलाच ती येतात. म्हणून ती रूपे टिकली आहेत का यावरून, भाषा हस्तांतरित करणारा तो घोळका टिकला आहे का, याचाही अंदाज येतो.

या सर्व मोजमापाचा एक दुरुपयोग संभवतो, तो म्हणजे दोष आईच्या माथी मारणे. ‘मातृभाषा’ हा शब्दच त्याला निमंत्रण देतो. मुलाशी सादरी किंवा हिंदी बोलणारी आई बेफिकीर नसते. वर्गात हिंदी न आल्याने झालेला अपमान तिने स्वतः भोगलेला असू शकतो आणि तिचा निर्णय त्या अनुभवातून आलेला असतो. म्हणून प्रश्नावलीत वडील, आजी, आजोबा आणि थोरली भावंडे यांच्यासाठीही रकाने हवेत. कुडुखला झारखंड आणि पश्चिम बंगालमध्ये राजमान्यता मिळाली आहे, तोलोंग सिकी ही तिची स्वतंत्र लिपी आहे. या गोष्टींचे मोल आहे, पण त्यांनी आईचा निर्णय बदलला का, हे हस्तांतराचा दर मोजल्याखेरीज कोणालाही सांगता येणार नाही.

२०२७ च्या जनगणनेचा संदर्भदिनांक, बर्फाच्छादित प्रदेश वगळता, १ मार्च २०२७ असा ठरलेला आहे. २०११ नंतर सोळा वर्षांनी ही मोजणी होत आहे. २०११ साली जन्मलेली मुले तेव्हा पंधरा-सोळा वर्षांची असतील, आणि काही वर्षांत त्यांतील अनेक जण स्वतः आईबाप होतील. २०११ च्याच सूचना पुन्हा दिल्या गेल्या, तर या पिढीच्या भाषेबद्दल देशाकडे पुन्हा फक्त घरच्यांनी सांगितलेले नाव उरेल. त्यासाठी तीन बदल पुरेसे आहेत. पाच वर्षांखालील मुलांसाठी ‘आई सामान्यतः बोलते ती भाषा’ याऐवजी ‘घरातील माणसे या मुलाशी बोलतात ती भाषा’ असे नोंदवावे. मातृभाषेचा तक्ता वयोगटांसह प्रसिद्ध करावा. आई-वडील आणि मूल यांच्या नोंदींची सांगड घालणारा तक्ता जिल्हावार द्यावा. पहिल्यासाठी एक वाक्य बदलावे लागते आणि उरलेल्या दोन्हींसाठी नवीन प्रश्नाचीही गरज नाही. हे झाले तर ‘वीस लाख माणसे बोलतात ती भाषा मरणार कशी’ या प्रश्नाला गुमला आणि डुआर्स यांच्यासाठी वेगवेगळे, आकड्यांतले उत्तर देता येईल, आणि तेही मुले लहान असतानाच.